०.२ आणि ०.४ च्या मधली झोप

“मॅडम, व्हायवा सोमवारी आहे. आमच्या छापून आलेल्या पेपरातल्या तक्त्यात राउंडिंगची चूक सापडलीय. तोच तक्ता थीसिसमध्येही आहे. सांगितलं तर पीएचडी जाईल, नाही सांगितलं तर झोप येत नाही.”

फोंड्याची ही मुलगी गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे आली, तेव्हा दोन रात्री जागलेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला धीर देण्याआधी मी लॅपटॉप उघडायला सांगितला. अशा भीतीचा आकार दिसत नाही, म्हणून तो आधी मोजावा लागतो, असं माझं मत.

विषय होता मांडवीच्या पाण्यातल्या नायट्राइटचा. एका ठिकाणची सरासरी ०.२४, दुसरीकडची ०.३५. तक्त्यात एकच दशांश स्थळ ठेवल्याने ती ०.२ आणि ०.४ झाली. इथवर बिघडलं काहीच नव्हतं. एक्सेलमध्ये दशांश कमी दाखवले तरी सेलमधला मूळ आकडा तसाच राहतो. पण हिने वर्डमधल्या तक्त्यातून ०.२ आणि ०.४ पुन्हा हाताने टाइप केले, त्यांचा भागाकार केला आणि लिहिलं ‘दुप्पट’. खरं गुणोत्तर ०.३५ भागिले ०.२४, म्हणजे जेमतेम दीडपट. स्लाइड करताना तिला दिसलं की मूळ शीटवरून काढलेल्या आलेखात दुसरा खांब पहिल्याच्या दुप्पट उंच नाहीच.

“सांख्यिकी चाचणी कुठल्या आकड्यांवर केलीस?” मी विचारलं.

“मूळच्या.” मग थोडं थांबून, “म्हणजे वाढ खरी आहे. ‘दुप्पट’ तेवढं खोटं.”

मग थीसिसमध्ये ‘दुप्पट’ शोधला. तीन जागी सापडला: तक्त्याखाली, चर्चेत आणि सारांशात. सारांशातला पाहून ती रडली. मीही थोडा वेळ गप्प बसले.

दुरुस्तीत तिला ‘४६ टक्के वाढ’ लिहायचं होतं. मी गणितातली नव्हे, तरी खटकलं. “तुझी मोजणी दुसऱ्या दशांशापर्यंत एवढी पक्की आहे?” नव्हती. म्हणून ‘सुमारे दीडपट’ ठरलं, नाहीतर एका चुकीवर दुसरी चढली असती.

त्याच रात्री गाइडना मेल गेला. त्यात चूक कुठली, ती कशी झाली, काय बदलतं आणि काय बदलत नाही एवढंच एका पानात होतं, माफीचे परिच्छेद मी काढायला लावले. सरांचा फोन सकाळी सातला आला. आधी चिडले, मग म्हणाले, “शुद्धिपत्राची प्रत परीक्षकांना आजच पाठव. जर्नलला आपण सगळे सहलेखक मिळून कळवू.”

सोमवारी बाहेरच्या परीक्षकांनी ते पान हातात धरून पहिलाच प्रश्न विचारला, “बाकीचे तक्ते तपासलेत का?”

रविवारी दिवसभर तिने तेच केलं होतं.