पहिल्यांदाच पेपर तपासताय ना, मग हे बघा

मॅडम, प्रोपीन अधिक HBr चंच उत्तर घ्या. खाली २-ब्रोमोप्रोपेन दिसलं की लगेच पूर्ण मार्क देऊ नका, नवीन असताना हीच चूक होते. आधी बाणाचं शेपूट बघा, ते डबल बाँडवर आणि टोक H कडे असलं पाहिजे, आमच्या सांगलीकडची बरीच पोरं उलटं म्हणजे H+ पासून बाण काढतात आणि तिथंच कळतं की इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात हे समजलेलं नाही.

मग मधल्या कार्बनवर प्लस दाखवलाय का, आणि का ते लिहिलंय का? नुसतं ‘मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाने’ हे कारण नव्हे, सेकंडरी कार्बोकॅटायन प्रायमरीपेक्षा स्थिर, हे यायला हवं. शेवटी Br- त्याच कार्बनवर.

पायऱ्या बरोबर पण प्रॉडक्टचं नाव चुकलं तर पायऱ्यांचे मार्क कापू नका.