‘औदुंबर’चं उत्तर रंगांपासून सुरू कर

परवा कर्वे रस्त्यावर चहा पिताना तू विचारलंस, ‘औदुंबर’ या कवितेतल्या प्रतिमा आणि सूर यांवरचा प्रश्न कसा लिहायचा? तुझं उत्तर मी वाचलं. पहिल्याच ओळीत ‘औदुंबर म्हणजे मृत्यू’ असं लिहून तू मोकळा झालास. बालकवींच्या या आठ ओळींत तो शब्द कुठेच नाही. त्या अर्थाकडे जाता येतं, पण वाट दाखवावी लागते.

आधी फक्त रंग अधोरेखित कर. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, मग काळा डोह. नजर दूरच्या गावाकडून पायवाटेबरोबर खाली येते आणि रंग गडद होत जातो. पायवाट चालते, पण तिच्यावर माणूस एकही नाही. माणसासारखा ‘पाय टाकुनी’ बसलाय तो फक्त औदुंबर. वाहतो, चालली या क्रियापदांनंतर शेवटी ‘बसला’ येतं, म्हणजे गती तिथे थांबते.

आता सूर. इथे बहुतेक जण ‘उदास’ लिहून पुढे जातात. ‘गोड काळिमा’वर थांब. काळिमा गोड कसा? भीती किंवा शोक असता तर हे विशेषण आलं नसतं. म्हणून सूर गंभीर आहे, पण शांत, जवळजवळ तृप्त. औदुंबर तुला मृत्यू वाटो, विरक्ती वाटो किंवा नुसतं झाड, तुझा अर्थ या दोन शब्दांना पेलतोय का ते बघ. नसेल पेलत, तर अर्थ बदल.