पोर्ट्रेटसाठी टेलिफोटो की मुख्य कॅमेऱ्याचा क्रॉप?

प्रश्न: माझ्याकडे आयफोन १४ प्रो आहे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर टेलिफोटोपेक्षा बराच मोठा आहे. मग पोर्ट्रेट काढताना ३x वापरण्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने फोटो काढून क्रॉप केला, तर मागचं जास्त ब्लर होईल का? मोठा सेन्सर म्हणजे जास्त ब्लर, असंच ऐकलं आहे.

उत्तर: होय, पण अगदी थोडे जास्त, आणि त्याचे कारण मोठा सेन्सर हे नाही. या फोनच्या मुख्य सेन्सरचा कर्ण साधारण १२ मि.मी. आहे आणि टेलिफोटोच्या सेन्सरचा सुमारे ५ मि.मी. मात्र २४ मि.मी.च्या दृश्यातून ७७ मि.मी.इतकी चौकट कापली, की मुख्य सेन्सरचा जेमतेम ४ मि.मी. कर्णाचा मधला तुकडा वापरात राहतो. म्हणजे क्रॉप केल्यावर तुमच्या हाती टेलिफोटोपेक्षाही लहान सेन्सर उरतो.

तरीही ब्लर किंचित जास्त मिळते, याचे कारण भिंगाच्या छिद्रात आहे. फोनवर दिसणारे २४ आणि ७७ हे आकडे फुल फ्रेमशी तुलना करून दिलेले असतात. खरे नाभीय अंतर मुख्य कॅमेऱ्याचे ६.८६ मि.मी. आणि टेलिफोटोचे ९ मि.मी. आहे. त्याला अनुक्रमे एफ/१.७८ आणि एफ/२.८ यांतील आकड्यांनी भागले, की छिद्राचा व्यास मिळतो: मुख्य कॅमेऱ्याचा सुमारे ३.९ मि.मी. आणि टेलिफोटोचा ३.२ मि.मी. एकाच जागी उभे राहून सारखीच चौकट घेतली, तर पार्श्वभूमी किती धूसर होईल हे या व्यासावरच ठरते.

समजा, व्यक्ती तुमच्यापासून दीड मीटरवर आहे आणि मागचे झाड साडेचार मीटरवर. झाडावरच्या एखाद्या प्रकाशबिंदूची फोटोत चकती होते. तिचा आकार चेहऱ्याच्या मापात काढायचा, तर व्यक्ती आणि झाड यांमधल्या अंतराला झाडाच्या तुमच्यापासूनच्या अंतराने भागायचे आणि छिद्राच्या व्यासाने गुणायचे. इथे तीन भागिले साडेचार, म्हणजे दोन तृतीयांश. त्यामुळे मुख्य कॅमेऱ्याची चकती २.६ मि.मी.ची होते आणि टेलिफोटोची २.१ मि.मी.ची. हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ८५ मि.मी., एफ/१.८ लेन्सचे छिद्र मात्र ४७ मि.मी.चे असते आणि तिची चकती ३१ मि.मी.ची, म्हणजे जवळजवळ माणसाच्या डोळ्याच्या रुंदीएवढी पडते. तुम्ही ऐकलेल्या नियमाचा उगम इथेच आहे: सेन्सर मोठा असला, की तेवढेच दृश्य टिपायला जास्त लांब नाभीय अंतराची लेन्स लागते, आणि एफ-आकडा तोच ठेवला तर तिचे छिद्रही मोठे होते. सेन्सर स्वतः काहीही धूसर करत नाही.

चेहऱ्याची ठेवण तर दोन्ही पद्धतींत एकसारखीच येते, कारण नाक मोठे दिसणे किंवा कान मागे गेल्यासारखे वाटणे हे केवळ अंतरावर अवलंबून असते. दीड मीटरवरून काढून क्रॉप केलेला चेहरा आणि तिथूनच टेलिफोटोने टिपलेला चेहरा यांत प्रमाणाचा फरक नसतो.

खरी किंमत मोजावी लागते ती तपशिलात. ७७ मि.मी.ची चौकट म्हणजे मूळ क्षेत्रफळाचा साधारण दहावा भाग, त्यामुळे ४८ मेगापिक्सेलमधून पावणेपाचच्या आसपास उरतात. टेलिफोटो पूर्ण १२ देतो. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला पावणेपाच पुरतात. ए४ आकाराची प्रिंट जवळून पाहिली, तर पापण्या आणि केस मऊ पडलेले दिसतात. म्हणून भरपूर उजेडात मी निःसंकोच टेलिफोटो वापरेन. संध्याकाळी घरातल्या दिव्यात मात्र पारडे फिरते, कारण मुख्य कॅमेऱ्याच्या छिद्रातून त्याच चौकटीसाठी जवळजवळ दीडपट प्रकाश आत येतो. अशा वेळी, किंवा व्यक्ती फार जवळ असेल तेव्हा, ३x निवडूनही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच क्रॉप देऊ शकतो. फोटोच्या माहितीत एफ/२.८ ऐवजी एफ/१.७८ दिसले, तर तसे झाले आहे असे समजावे.

हा निष्कर्ष सगळ्या फोनना लागू करू नका. आयफोन १५ प्रो मॅक्सच्या १२० मि.मी. टेलिफोटोचे खरे नाभीय अंतर १५.६६ मि.मी. आणि एफ-आकडा २.८ आहे, म्हणजे छिद्र ५.६ मि.मी.चे. तिथे क्रॉप ब्लर आणि तपशील या दोन्ही बाबतींत हरतो.

पोर्ट्रेट मोडचे ब्लर हे गणिताने चढवलेले असते, त्याला यांतले काहीच लागू नाही. तो मोड न वापरता ब्लर वाढवायचे असेल, तर कॅमेरा बदलण्यापेक्षा व्यक्तीला भिंतीपासून दूर आणा. दीड मीटरवरच्या व्यक्तीमागे अर्ध्या मीटरवर भिंत असेल, तर मुख्य कॅमेऱ्याची चकती जेमतेम १ मि.मी.ची होते, तीच भिंत व्यक्तीमागे तीन मीटरवर असली, की २.६ मि.मी.ची.