92% ऑथेंटिक म्हणजे नेमकं काय हो? (1939 चा रुपया आणि मोडायची एफडी)

प्रश्न: ताई, 1939 चा जॉर्ज सहावा चांदीचा रुपया 1 लाख 80 हजारांना मिळतोय. विकणारा इंदूरचा, ओळख ऑनलाइनच. आठ फोटो आलेत, टंच रिपोर्ट 91 चा आहे आणि एका ऑनलाइन सर्विसने फोटो बघून 92% ऑथेंटिक असं सर्टिफिकेट दिलंय. ग्रुपमधल्या अजून दोघा जाणकारांनी फोटो बघून ओके म्हटलं. मुंबईचा एक डीलर ओरिजिनल असेल तर 2 लाख 10 हजार हातात द्यायला तयार आहे. एफडी मोडून घेऊ का? – अंबड, नाशिक

उत्तर: भाऊ, आत्ता पैसे पाठवू नका. नाणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, मला ते माहीतच नाही, आणि फोटोवरून ते कुणालाच पक्कं सांगता येणार नाही हाच तर सगळा घोळ आहे. पण तुमच्याच पत्रात एक गंमत आहे बघा, मुंबईचा डीलर 2 लाख 10 हजार देतो म्हणतोय पण "ओरिजिनल असेल तर", म्हणजे तो फोटोवर एक रुपयाही लावत नाहीये, नाणं हातात घेऊन मग बोलणार. या सगळ्या व्यवहारात फोटोच्या भरवशावर पैसे टाकणारे एकटे तुम्हीच.

आता आधी या नाण्याचं बघू, कारण 92 चा आकडा तिथेच ढिला पडतो. 1939 चा रुपया दुर्मिळ, 1938 चा मात्र त्या मानाने सहज मिळणारा, आणि दोघांचं वजन सारखंच 11.66 ग्रॅम, चांदी सारखीच 91.7 टक्के, कडेला सारख्याच उभ्या खाचा. म्हणून बनवणारे बऱ्याचदा नवं नाणं पाडायच्या भानगडीत पडत नाहीत, खरा 1938 घेतात, 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून काढतात, झाला 9. आता सांगा, याचा टंच काढला तर किती येणार? 91 च येणार की, नाणं खरंच चांदीचं आहे ना. सराफ बाजारात कुठल्याही दुकानात नेलं तरी मशीन तेच सांगणार. टंच रिपोर्टने एवढंच कळतं की कुणीतरी 1940 नंतरचा 50 टक्के चांदीचा रुपया घेऊन त्यावर कारागिरी केलेली नाही (तसं केलं असतं तर कडेवरूनही पकडलं असतं, त्या नंतरच्या रुपयांची कड वेगळी आहे). ज्या फसवणुकीची खरी भीती आहे तिच्याबद्दल टंच मुका.

म्हणजे सगळा निकाल त्या एका आकड्यावर आला, 9 च्या डाव्या-खालच्या बाजूची जी सपाट जागा आहे ना, तिथे खरवडल्याच्या बारीक रेषा आहेत का, चांदीची मूळ झळाळी तिथेच तुटते का, 9 ची शेपटी खऱ्या 9 सारखी वळते की कापलेल्या 8 सारखी. हे दहापट भिंगाखाली, नाणं हातात तिरकं फिरवत बघायचं काम आहे. आता फोटोत काय होतं ते बघा. व्हॉट्सॲप साध्या सेटिंगवर फोटो लहान करून पाठवतं, लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास राहते, नाण्याने त्यातली अर्धी जागा घेतली असं धरा म्हणजे 800 पिक्सेल, आणि रुपयाची रुंदी साडेतीस मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला 26 पिक्सेल. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रेष असेल तर तिच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल, आणि फाइल लहान करताना असले एकटेदुकटे पिक्सेलच आधी पुसले जातात. वर विकणाऱ्याने खिडकीजवळ मऊ उजेडात फोटो काढला असेल तर ओरखड्याची सावलीच पडत नाही. मुद्दाम केलं असेल असंही नाही, फोटो छान यावा म्हणून लोक तसाच उजेड घेतात.

त्यामुळे फोटोचा पुरावा एका बाजूनेच जोरात चालतो. कड चुकलेली दिसली, अक्षरांची ठेवण चुकलेली दिसली तर फोटोवरून "खोटं" असं जवळपास ठामपणे म्हणता येतं. पण काहीच चुकलेलं दिसलं नाही तर "खरं" म्हणता येत नाही, "या फोटोत दोष दिसला नाही" एवढंच म्हणता येतं, आणि या दोन वाक्यांत तुमचे पावणेदोन लाख अडकलेत.

आता 92. हा आकडा कशाचा, हे सर्टिफिकेटवर लिहिलंय का? शंभर खरी नाणी दाखवली तर त्यातली 92 ते ओळखतात असा असेल तर ते तुमच्या प्रश्नाचं उत्तरच नाही. तुम्हाला हवंय ते उलटं, की ज्यांना त्यांनी पास केलं त्यातली खरी किती. ते दोन गोष्टींवर ठरतं, खोटी नाणी त्यांच्या हातून किती सुटतात आणि मुळात समोर येणाऱ्या मालात खरी किती असतात. समजा अशा ओळख नसलेल्या लोकांकडून ऑनलाइन येणाऱ्या शंभर "1939" पैकी 20 खरे, 80 घासलेले (हा माझा अंदाज हं, कुणी मोजलेलं नाही). फोटो बघणारा बऱ्यापैकी हुशार आहे असं धरू, खऱ्या 20 पैकी 18 पास करतो आणि खोट्या शंभरात 15 त्याच्या नजरेतून सुटतात, म्हणजे 80 मागे 12. पास झालेली एकूण 30, त्यातली खरी 18. म्हणजे 60 टक्के! माणूस तोच, नजर तीच. मुळात खरी शंभरात 50 असतील असं उदार मनाने धरलं तर हेच उत्तर 86 वर जातं, आणि 10 च असतील तर 40 वर येतं. त्यामुळे कुणी मला प्रामाणिकपणे सांगायचं म्हटलं तर "60 च्या आसपास, पण 40 ते 86 कुठेही असू शकतं" असं सांगावं लागेल, आणि हा पट्टा इतका रुंद का तर खोट्या मालाचं प्रमाण आपल्याला माहीत नाही म्हणून, हेही सोबत सांगावं लागेल. 92 म्हणून एकच टोकदार आकडा देणाऱ्याने हे सगळं स्वतःच्या मनाशी गृहीत धरलंय आणि तुम्हाला सांगितलेलं नाही.

ग्रुपमधल्या दोघांचं ओके यात किती भर घालतं? फार थोडी. तिघांनी तेच आठ फोटो बघितलेत. जी रेष फोटोत उतरलीच नाही ती तिघांनाही दिसणार नाही, मग तीन मतं मिळून एका मताहून थोडीशीच जास्त. तिघांनी नाणं वेगवेगळं हातात घेतलं असतं तर गोष्ट निराळी. आणि अजून एक, फोटोतलं नाणं आणि कुरियरने येणारं नाणं एकच असेल हेही फोटो सांगत नाही, त्यासाठी राजाच्या गालावरचे किंवा मोकळ्या जागेतले बारीक ठोके आधी टिपून ठेवून नंतर जुळवावे लागतात.

बरं, आता पैशाचं. नाणं खरं निघालं तर हातात 2 लाख 10 हजार, खोटं निघालं तर घासलेला 1938, चांदीच्या भावात तीनेक हजार धरा. 92 टक्के खरंच 92 असते तर सरासरी 1 लाख 93 हजार पडतात, म्हणजे सौदा बरा, तेरा हजार सुटतात. पण 60 वर तेच गणित 1 लाख 27 हजारांवर येतं, म्हणजे 53 हजारांचा खड्डा. ना नफा ना तोटा व्हायलाच खात्री साडेपंच्याऐंशी टक्के लागते, म्हणजे मी वर जो सगळ्यात उदार आकडा दिला तिथे तुम्ही जेमतेम पोचता, आणि त्यात एफडी मोडल्याचे कापले जाणारे अजून धरलेच नाहीत (बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात). शिवाय हे सरासरीचं गणित शंभर नाणी घेणाऱ्या डीलरला लागू पडतं, तुम्ही एकच घेताय, तुमच्या बाबतीत एकतर 30 हजार येणार नाहीतर 1 लाख 77 हजार जाणार, मधलं काही नाही.

म्हणून सौदा असा फिरवा. विकणाऱ्याला सांगा की नाणं घेऊन मुंबईला त्या डीलरसमोर भेटू, नाहीतर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या नाणं प्रत्यक्ष हातात घेऊन तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवू, खोटं निघालं तर सौदा रद्द, तपासणीचा खर्च माझा. फी, कुरियर, विमा मिळून दहा हजार धरले तर खरं निघाल्यावर तुमच्याकडे 20 हजार उरतात, खोटं निघाल्यावर दहा हजार जातात. 60 टक्क्यांवर सरासरी आठ हजार फायदा, 40 टक्क्यांवरही दोन हजार. फायदा फार नाही, मला विचाराल तर एवढ्या कटकटीसाठी मी करणार नाही, पण यात बुडणारी रक्कम 1 लाख 77 हजारांवरून दहा हजारांवर येते. सीलबंद डबीत नाणं दाखवलं तर डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो जुळवा, खोट्या डब्या पण फिरतात.

दरम्यान त्या सर्टिफिकेटवाल्यांना तीन प्रश्न लिहून पाठवा. 92 हा आकडा कशाचा? तुम्ही आधी ज्यांना नव्वदच्या वर दिले त्यातली किती नाणी नंतर हातात घेऊन तपासली गेली आणि किती खरी निघाली? आणि या फोटोंमध्ये तुम्हाला काय बघता आलं नाही? चांगलं काम करणारा माणूस साधारण असं लिहील: "आठ फोटोंवरून नाण्याचा प्रकार, कड आणि चेहऱ्याची ठेवण 1938-39 शी जुळते. 9 च्या भोवतालची जागा या फोटोंत नीट दिसत नाही, त्यामुळे आकडा बदललेला आहे की नाही यावर मत देता येत नाही. वजन, घनता तपासलेली नाही. तिरक्या उजेडातला जवळचा फोटो मिळाल्यास मत बदलू शकतं." टक्के नसले तरी चालतील, अशा कागदाला मी 92 वाल्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त किंमत देईन.

आणि विकणाऱ्याकडून एक छोटा व्हिडिओ मागा, नाणं टेबलावर, खोलीतला दिवा बंद, दुसऱ्या मोबाइलची टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आधी डावीकडून मग उजवीकडून फिरवायची, कॅमेरा फक्त 9 वर, आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची म्हणजे लहान होत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात ओरखडे दिसले तर विषय संपला, दहा हजारही वाचले. नाही दिसले तर 60 चे 70 झाले असं धरा, अजूनही साडेपंच्याऐंशी नाहीत, तेव्हा तपासणीची अट तशीच राहते. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ केली किंवा "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज रात्रीपर्यंत सांगा" असं आलं तर मी तुमच्या जागी आकडा 40 च्या खाली नेईन, आणि एक तृतीयांशाच्या खाली गेला की तपासणीचे दहा हजारही परवडत नाहीत.

एफडी तोवर राहू द्या. कधी व्याज जमा होतं ती तारीख कळवा, तपासणी पास झालीच तर मोडण्याऐवजी एफडीवर कर्ज काढून महिनाभरासाठी भागवता येतं का ते बघू.