दीड वर्ष की तीन वर्षं? सिग्नलिंगचं गणित आणि पुढचा कोर्स

*मॅडम, मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. मूळची फलटणची, पुण्यात नव्या पेठेत खोली घेऊन राहते. वर्गात सिग्नलिंगचं गणित झालं: हुशार कामगार कंपनीला 16 लाखांचा, कमी कुवतीचा 10 लाखांचा, शिक्षणाच्या एका वर्षाचा खर्च हुशाराला 2 लाख, दुसऱ्याला 4 लाख. सेपरेटिंग इक्विलिब्रियम, म्हणजे दोघं शिक्षणावरून वेगळे ओळखू येतील असा समतोल, काढा. उत्तर दीड ते तीन वर्षं. मी ते पाठ केलं, पण उत्तर एकच का येत नाही ते कळलं नाही. दुसरं म्हणजे, मैत्रिणी सहा महिन्यांचा डेटा अॅनालिटिक्सचा सर्टिफिकेट कोर्स लावताहेत. बाबा म्हणतात, त्यापेक्षा एम.ए. कर. शिक्षण हा नुसता सिग्नलच असेल, तर दोन्ही कशाला करायचं?*

आधी गणित सोडवू. ते नीट कळलं की कोर्सच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

या मांडणीत कंपनीला उमेदवाराची कुवत दिसत नाही, फक्त त्याचं शिक्षण दिसतं. शिक्षणातून कुवत दाखवणं म्हणजेच सिग्नलिंग. म्हणून गणिताची सुरुवात कंपनीच्या समजापासून करायची. समज, कंपनी असं धरून चालते की ज्याने y* वर्षं किंवा जास्त शिक्षण घेतलं तो हुशार, बाकीचे कमी कुवतीचे. मग पगारही तसाच: y* गाठणाऱ्याला 16, न गाठणाऱ्याला 10. आता उमेदवार काय करेल? y* पेक्षा एक दिवसही जास्त शिकून कुणाला काही मिळत नाही, आणि y* पर्यंत पोचायचंच नसेल तर थोडंसं शिकण्यातही अर्थ नाही. म्हणजे प्रत्येकापुढे दोनच पर्याय उरतात: शून्य किंवा y*.

कमी कुवतीच्याने शून्य निवडायला हवं, तरच कंपनीचा समज खरा ठरतो. त्यासाठी 16 − 4y* ≤ 10, म्हणजे y* किमान दीड. हुशाराने y* निवडायला हवं, त्यासाठी 16 − 2y* ≥ 10, म्हणजे y* जास्तीत जास्त तीन. परीक्षेत बरीच मुलं यातली पहिली अट मांडून थांबतात. चार वर्षांची अट ठेवली तर कमी कुवतीचे येणार नाहीतच, पण हुशारही घरीच बसतील, आणि मग वेगळं करायला कुणी उरणार नाही. दोन्ही अटी लिहिल्याशिवाय पूर्ण मार्क मिळत नाहीत.

उत्तर एकच का नाही? कारण y* कुठून आला हे गणित सांगतच नाही. तो कंपन्यांचा समज आहे. दीड ते तीनमधला कोणताही समज स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो: कंपनी दोन वर्षं धरते, हुशार दोन वर्षं शिकतात, बाकीचे शिकत नाहीत, आणि वर्षअखेर कंपनीला अनुभव येतो की आपलं बरोबर होतं. तीन वर्षं धरली असती तरी हाच अनुभव आला असता. यातला सर्वांत स्वस्त समतोल दीड वर्षाचा. तिथे हुशाराच्या हातात 16 − 3 = 13 उरतात. दोनला 12 उरतात आणि तीनला 10, म्हणजे एवढं शिकूनही न शिकलेल्याइतकेच. दीडच्या वरचं सगळं शिक्षण या गणितात वाया जातं, कारण वेगळं करण्याचं काम दीडलाच झालेलं असतं.

आणखी एक हिशोब करून बघ, तो वर्गात बहुतेक राहून जातो. निम्मे उमेदवार हुशार आणि निम्मे कमी कुवतीचे आहेत असं धर. शिक्षण नावाची गोष्टच नसती तर कंपनीने सगळ्यांना सरासरी दिली असती, 13 लाख. दोन वर्षांच्या समतोलात हुशाराला निव्वळ 12 मिळतात आणि दुसऱ्याला 10. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो हुशारसुद्धा एका लाखाने खाली आला. पण एकटा तो यातून बाहेर पडू शकत नाही. पडला की त्याला 10 वाल्यांत धरतील. हुशारांचं प्रमाण पाचात एक असेल तर मात्र चित्र पालटतं: सरासरी 11.2 येते आणि 12 मिळणं परवडतं. सिग्नलने हुशारांचा फायदा होतो की नाही हे असं गर्दीत हुशार किती आहेत त्यावर ठरतं.

आता मैत्रिणींचा सहा महिन्यांचा कोर्स याच आकड्यांत बसवू. अर्ध्या वर्षाचा खर्च हुशाराला 1 लाख, दुसऱ्याला 2 लाख. (खर्च म्हणजे फक्त फी नाही. जागरण, डोकेदुखी, पुन्हा दिलेले पेपर आणि तेवढ्या काळात बुडालेला पगार, सगळं त्यात आलं.) या कोर्सवर कंपनी 16 द्यायला लागली तर कमी कुवतीच्याला 14 उरतात, 10 पेक्षा कितीतरी बरे. तो येणारच. सगळेच आले की सर्टिफिकेटवरून काही कळेनासं होतं आणि कंपनी पुन्हा सरासरीवर, 13 वर येते. हुशाराला 12 उरतात, दुसऱ्याला 11. कोर्स नव्हता तेव्हा दोघांनाही 13 होते! तरीही कुणी कोर्स सोडत नाही, कारण सर्टिफिकेट नसलेला तो कच्चा, असा समज बसलेला असतो. कोर्स न केलेला उमेदवार कंपनीसमोर येतच नाही, त्यामुळे तो समज चुकीचा ठरायची वेळही येत नाही. याला पूलिंग म्हणतात. क्लासवाल्यांचा धंदा यावर उत्तम चालतो.

ही स्थिती फार टिकतही नाही. हुशाराला 12 उरताहेत, अशात कुणी दीड वर्षाचा अवघड कोर्स काढला तर त्याला तिथे 13 मिळतील. कमी कुवतीच्याला मात्र 10 च, म्हणजे आत्ताच्या 11 पेक्षा कमी, म्हणून तो फिरकणार नाही. पदवीवर सर्टिफिकेट, त्यावर डिप्लोमा, त्यावर आणखी काही, ही चढाओढ बऱ्याच अंशी इथून येते.

तेव्हा कोणत्याही कोर्सबद्दल चौकशी करताना ‘प्लेसमेंट किती’ याच्या आधी ‘नापास किती होतात’ हे विचार. प्रवेशाला चाळणी आहे का, मध्येच सोडणारे किती, प्रकल्प कुणी बाहेरचा माणूस तपासतो का. फी भरली आणि हजेरी लावली की सर्टिफिकेट हातात येत असेल, तर तो खर्च हुशाराला आणि दुसऱ्याला जवळपास सारखाच आहे, आणि सारख्या खर्चाचा सिग्नल काहीच वेगळं करत नाही. कोर्स अवघड असून भागत नाही. तो तुला इतरांपेक्षा सोपा जायला हवा. कोर्समधलं एसक्यूएल किंवा एक्सेल तुला कामासाठी हवं असेल तर जरूर शीक. पण ते शिकण्यासाठी ते सर्टिफिकेट विकत घ्यायची गरज नाही.

‘नुसता सिग्नल’ याबद्दल थोडं. मायकेल स्पेन्स यांनी 1973 च्या लेखात शिक्षणाने कुवत अजिबात वाढत नाही असं मुद्दाम धरलं होतं. शिक्षण निरुपयोगी आहे असं सिद्ध करणं हा त्यांचा हेतू नव्हता. ते निरुपयोगी असलं तरी पगार वाढवू शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. या विषयावरच्या कामासाठी त्यांना 2001 मध्ये अकेरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. प्रत्यक्षात एम.ए.मध्ये तू इकॉनॉमेट्रिक्स शिकशील, ते कामाला येईल, आणि सिग्नलही जाईल. दोन्ही एकाच फीमध्ये.

मग एम.ए. करायचं का? तुझा स्वतःचा खर्च मांड, वर्गातल्या गणितातला नको. विद्यापीठातला अर्थशास्त्र विभाग किंवा गोखले संस्था, दोन्हीकडे गणित आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही. टी.वाय.ला हे पेपर तुला सहज गेले असतील, तर तिथली दोन वर्षं तुला स्वस्त आहेत आणि ज्यांना जड जातील त्यांना महाग. हे तुझ्या बाजूचं आहे. रडतखडत पास झाली असशील, तर एखाद्या कॉलेजातून सोपे विषय घेऊन केलेल्या एम.ए.ने कंपनीला फार काही कळणार नाही.

इथे गणितात नसलेली एक गोष्ट आहे, आणि तुझ्यासाठी तीच महत्त्वाची. वर्गात खर्च फक्त कुवतीवर ठरतो. पुण्यात तो घरच्या परिस्थितीवरही ठरतो. समज, तू 16 वालीच आहेस, पण खोलीभाडं, मेस आणि कर्जाचं व्याज धरून तुझं एक वर्ष 2 ऐवजी साडेतीन लाखांना पडतं. दोन वर्षांचे सात गेले, उरले नऊ. दहापेक्षा कमी, म्हणजे तू एम.ए. करणार नाहीस, आणि कंपनी तुला कमी कुवतीची धरेल. उलट कोथरूडला स्वतःच्या घरात राहणाऱ्या, वडिलांच्या पैशाने शिकणाऱ्या साधारण मुलाला तेच वर्ष अडीच लाखांना पडलं, तर त्याचे 11 उरतात आणि तो 16 वाल्यांत जाऊन बसतो. असं झालं की पदवी कुवत दाखवायचं सोडून घरचा पैसा दाखवायला लागते.

म्हणून बाबांशी बोलताना दोन आकडे समोर ठेव: सरकारी अनुदानातल्या विभागात दोन वर्षांचा राहण्याखाण्यासह खर्च, आणि खासगी संस्थेत कर्ज काढून होणारा. पहिला झेपत असेल आणि गणित सोपं जात असेल तर एम.ए. कर, मी बाबांच्या बाजूने आहे. कर्जच काढावं लागणार असेल तर आधी नोकरी धर. पदवीचा सिग्नल सर्वांत जास्त चालतो तो पहिल्या नोकरीत. दोन-तीन वर्षांनी साहेबाला तुझं काम दिसायला लागतं आणि गुणपत्रिका मागे पडते.

दरम्यान, पैशाने महाग न पडणारा आणि कच्च्या माणसाला न जमणारा सिग्नल तयार करता येतो. जनगणनेची किंवा एनएसएस म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची सार्वजनिक आकडेवारी घे, आपल्या फलटण तालुक्याचा एखादा प्रश्न निवड, आणि पंधरा-वीस पानांचा अहवाल लिही. आकडे कसे स्वच्छ केले, कुठे अडलं, निष्कर्ष कुठवर ताणता येतो, हे सगळं त्यात येऊ दे. मुलाखतीत कुणी त्यातला एखादा तक्ता उघडून ‘ही संख्या कशी काढली’ असं विचारलं, की ज्याने स्वतः केलं तो दोन मिनिटांत सांगतो आणि ज्याने उतरवलं तो अडखळतो. अहवालाचा पहिला खर्डा झाला की तुझ्या सरांना दाखव आणि त्यांना चुका काढायला सांग.