मांस नाकाच्या बाजूनंच का वाढतं?

“डोळ्यातलं मांस कापून काढलं तरी परत येतंय म्हणायलेत सगळे. आमच्या मेव्हण्याचं आलंच की. मग कापून घेऊन काय उपयोग, मॅडम?”

खानापूरकडचे वीटभट्टीवाले, चिकोडी-निपाणीच्या शेतात राबणाऱ्या बायका, गोव्याला सेंट्रिंगच्या कामावर जाऊन आलेली पोरं, सगळे माझ्यासमोर बसून हेच विचारतात. डोळ्यांच्या दवाखान्यात माझं काम ऑपरेशनआधी आणि नंतर माणसांशी बोलण्याचं. या एका प्रश्नासाठी मी एका गवंड्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत आणि बऱ्याच भेटी एकत्र केल्यात.

मामा पंचेचाळिशी ओलांडलेले. विशीत गोव्यात बांधकामावर होते, नंतर बेळगावच्या आसपास. उजव्या डोळ्यात नाकाच्या कोपऱ्यातून गुलाबी, त्रिकोणी मांस निघून बुबुळावर तीन मिलिमीटर आलं होतं. डॉक्टर याला टेरिजियम म्हणतात. बुबुळाची रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे उजेडात बाहुलीची कड गाठायला आणखी मिलिमीटरभरच अंतर उरलेलं. डाव्या डोळ्यातही होतं, पण जेमतेम बुबुळाच्या कडेवर.

मामांची खरी तक्रार मात्र लाली किंवा खुपण्याची नव्हतीच. “ओळंब्याची दोरी दोन दिसायलीय,” म्हणाले. मांस बुबुळाला ओढतं, त्याची गोलाई आडव्या अंगानं सपाट होते आणि तिरपा नंबर येतो. चष्म्यानं तो थोडा सुटला, पुरता नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, मामांनी नकार दिला आणि मामींनी त्यांना माझ्या खोलीत आणून बसवलं.

माझा कल सांगून टाकते. नकार देणाऱ्याची समजूत काढायला मी कधी जात नाही. त्याच्या भीतीत खरं किती आहे, ते आधी मोजते आणि तेवढं मोकळेपणानं मान्य करते. मेव्हण्याचं परत आलं होतं हे खरंच होतं, म्हणून मी विचारलं, “मेव्हण्याचं कुठलं ऑपरेशन झालं होतं?”

“मांसाचंच की. कुठलं म्हणजे?”

“काढल्यावर त्या जागेवर काही लावलं होतं?”

ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला ते मेव्हण्यालाच घेऊन आले. त्यांच्या जुन्या कागदावर फक्त मांस काढल्याची नोंद होती. आमच्या डॉक्टरांनी डोळा तपासला, तर वरच्या पापणीखालचं आवरण जिथल्या तिथं, कुठूनही तुकडा घेतल्याची खूण नाही. म्हणजे मांस खरवडून जागा उघडी सोडली होती. पूर्वी सर्रास असंच करत. या पद्धतीत शंभरातल्या पंचवीसपासून पार ऐंशी-नव्वद जणांचं मांस परत आल्याचे अहवाल आहेत. मेव्हण्याचंही चारेक महिन्यांत आलं होतं, आधीपेक्षा जाड आणि लाल. परत आलेलं मांस बहुधा असंच असतं. खाली व्रण धरलेला असल्यानं दुसरं ऑपरेशनही अवघड होतं.

आता पद्धत निराळी आहे. भूल फक्त डोळ्यापुरती, वेळ साधारण अर्धा-पाऊण तास. मांस त्याच्या खालच्या तंतूंसकट काढतात. मग त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखाली झाकलेल्या पांढऱ्या भागावरून पातळ पापुद्रा घेऊन उघड्या जागेवर बसवतात आणि खास गोंदानं किंवा बारीक टाक्यांनी चिकटवतात. काही ठिकाणी पेशंटच्याच रक्तावर तो चिकटू देतात. असं झाकल्यावर परत येण्याचं प्रमाण बहुतेक ठिकाणी शंभरात पाच ते पंधराच्या आसपास राहतं. शून्य नाही, आणि शून्य आहे असं मी कुणालाही सांगत नाही. तरुण वय, मांसल आणि रक्ताळलेली वाढ, उन्हातलं काम, यांत धोका जास्त.

मेव्हणे हे ऐकून गप्प झाले. मामा नाही. “पाच-पंधरात मीच असलो तर? ऊन तर माझं सुटणार न्हाई.”

हा प्रश्न रास्त होता. आणि इथंच बहुतेक समुपदेशन संपतं: ‘गॉगल लावा, काळजी घ्या.’ मी विचारलं, “मामा, हे मांस कशानं आलं असं तुम्हाला वाटतं?”

“सिमेंटनं. धुरळ्यानं.” जवळजवळ सगळे हेच सांगतात. म्हणून बिचारे दिवसातून पाच वेळा डोळे धुतात, कुणी मध घालतात, कुणी कांद्याचा रस. धूळ-वारा डोळा चिडवतात, घराण्याचाही वाटा असतो. पण मुख्य कारण उन्हातले अतिनील किरण. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार जास्त आढळतो, आणि बेळगाव तर १६ अंशांच्याही आत आहे. विशीतल्या गोव्याच्या उन्हाचा हिशेबही इथं धरावा लागतो, कारण हे नुकसान वर्षानुवर्षं साचत जातं.

“ऊन कसं असंल?” मामा म्हणाले. “ऊन लागतंय ते कानाच्या बाजूनं. मांस आलंय नाकाच्या बाजूनं.”

इतक्या वर्षांत असा नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारलाय. मी खिडकी लावून दिवा बंद केला. मामींना समोर बघायला सांगितलं, छोटा मंद टॉर्च त्यांच्या कानशिलाजवळ, थोडा मागेच धरला आणि मामांना म्हटलं, “नाकाच्या बाजूला बुबुळाची कड बघा.”

टॉर्च बाहेरच्या बाजूला होता, पण नाकाकडच्या कडेवर चंद्रकोरीएवढा लख्ख ठिपका उमटला होता. मामा वाकले. टॉर्च हातात घेऊन त्यांनी तो मागे-पुढे केला; एका ठरावीक कोनात ठिपका पेटायचा, कोन सुटला की विझायचा. मग त्यांनी माझ्याही डोळ्यावर टॉर्च धरून पाहिला, मेव्हण्याच्याही. बराच वेळ हेच चाललं होतं. मी मध्ये बोलले नाही. माणूस स्वतःच्या हातानं काहीतरी पडताळत असतो, तेव्हा समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, ही माझ्या कामातली मला सगळ्यात जमलेली गोष्ट.

“शाळेत भिंगानं कागद जाळायचो तसं झालं की हे.”

अगदी तसंच. बाजूनं तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या गोलाईतून वळतो, आतल्या पाण्यातून आडवा जातो आणि समोरच्या कडेवर एकवटतो. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९३मध्ये हे मांडलं. त्या ठिकाणी प्रकाशाची तीव्रता वीसेक पटींपर्यंत वाढू शकते. त्या कडेवरच्या मूळ पेशी पांढऱ्यावरचं आवरण बुबुळावर सरकू देत नाहीत. त्यांनाच आतल्या बाजूनं चटका बसत राहिला की आवरणाला वाट मोकळी होते. उलट्या बाजूनं येणारा प्रकाश नाकच अडवतं, म्हणून कानाकडून वाढलेलं मांस क्वचित दिसतं.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. “म्हणजे हिचा उपयोग वरच्या उन्हाला. स्लॅबवरनं, पांढऱ्या भिंतीवरनं बाजूनं येतंय त्याला काय न्हाई.”

हे वाक्य मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी गेले असते. ते त्यांच्या तोंडून आल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं. रस्त्यावरचा काळा चपटा गॉगल बाजू उघड्या ठेवतो. शिवाय काळोखीमुळे बाहुली मोठी होते, पापण्या जास्त उघडतात. काचेत अतिनील किरण अडवायची सोयच नसेल तर तो घालून उलट तोटा होऊ शकतो. गवंड्याला काळी काच परवडतही नाही, सावलीत गेल्यावर ओळंबा दिसायला हवा. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, ग्राइंडिंग करताना लावतात तो पांढरा पॉलिकार्बोनेटचा चष्मा बरा. काच रंगहीन असली तरी ते प्लॅस्टिकच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं. कडा कानशिलापर्यंत वळलेल्या हव्यात. सोबत काठाची टोपी. दुपारी बारापेक्षा सकाळी नऊ-दहाचं आणि दुपारी तीनचं तिरपं ऊन डोळ्यात जास्त शिरतं, कारण माथ्यावरच्या उन्हाला भुवईचं हाड अडवतं.

ऑपरेशन पावसाळ्यात, कामं थंडावल्यावर ठरलं. संमतीपत्र कन्नडमध्ये होतं आणि मामा मराठी शाळेत शिकलेले, म्हणून ओळ न ओळ मराठीत सांगितली. डॉक्टरांना काय विचारायचं तेही मामांनी पाठ केलं: जागा कशानं झाकणार, काढलेला तुकडा तपासायला पाठवणार का. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. मांसासारखी दिसणारी वाढ क्वचित कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या टप्प्यातली निघते.

पहिले काही दिवस डोळा चोळायचा नाही, नाहीतर पापुद्रा सरकतो. त्यापुढची कसोटी थेंबांची. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे, हळूहळू कमी करत घालावे लागतात. लाली गेली की लोक ते मध्येच सोडतात. दुसरा घोळ त्याहून वाईट: डोळा जरा लाल झाला की तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून महिनोन्महिने थेंब घालत राहतात. त्यानं डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मांस विरघळवणारा थेंब तर कुठलाच नाही. थेंबांनी लाली उतरते, मांस तिथंच राहतं.

परत यायचं असेल तर बहुधा पहिल्या वर्षातच येतं, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत जास्त. म्हणून मामींना काम दिलं होतं: महिन्यातून एकदा, अंगणात, त्याच जागी बसवून मोबाइलवर डोळ्याचा फोटो. तिसऱ्या महिन्याच्या फोटोत बसवलेल्या पापुद्र्यावरून बुबुळाकडे निघालेली एक लाल शीर दिसली आणि दोघं लगेच आले. डॉक्टरांनी दाब तपासून थेंब वाढवून दिले. शीर कडेवर थांबली. वर्षाच्या तपासणीला ती फिकट होऊन तिथंच होती, बुबुळ स्वच्छ होतं, तिरपा नंबर बराच उतरला होता आणि ओळंब्याची दोरी एकच दिसत होती.

डाव्या डोळ्याला हात लावलेला नाही. तिथलं मांस शांत आहे, नजरेला त्रास नाही. वर्षातून एकदा मोजायचं आणि सरकलं तरच विचार करायचा. मेव्हणे दुसऱ्या ऑपरेशनसाठी नाव घालून गेलेत. त्यांच्या बाबतीत व्रणामुळं हमी कमी आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितलंय.

मामांचा मुलगा आता त्यांच्याबरोबर कामावर जातो. मामांनी त्यालाही चष्मा घेऊन दिलाय, पण घामानं काच धुरकटते म्हणून तो दुपारनंतर काढून ठेवतो. यावर माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही. वर-खाली हवेची फट असलेला चष्मा सध्या त्याला वापरून बघायला दिलाय.