‘इल’ की ‘लो’? निकाल कान देतो

इटालियनमध्ये ‘इल’ हे नेहमीचं पुल्लिंगी उपपद आहे, तर ‘स्तुदेन्ते’ म्हणजे विद्यार्थी, या शब्दाच्या आधी मात्र ‘लो’ का? हा अपवाद आला कुठून?

खरं तर उपटसुंभ ‘इल’च आहे. दोन्ही रूपं लॅटिनच्या ‘इल्लुम’ या दर्शक सर्वनामातून निघाली आणि जुन्या इटालियनमध्ये ‘लो’चाच वावर मोठा होता. मागचा शब्द स्वरान्त असला की ‘लो’तला ओ गळायचा आणि उरलेला ल् त्या स्वराला चिकटायचा. पुढे त्या ल् ला आधाराचा इ मिळाला, तो हा ‘इल’. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’चा दुसरा सर्ग ‘लो जोर्नो’ (दिवस) असा सुरू होतो; आजचा इटालियन तिथे ‘इल जोर्नो’ म्हणेल. ‘पेर लो प्यू’ म्हणजे ‘बहुतेक करून’, यात तो जुना ‘लो’ अजून तसाच आहे.

‘इल’ पसरत गेला, पण स् आणि त्यापुढे व्यंजन आलं की अडला. ‘इल स्तु…’ म्हणताना ल्, स्, त् एकापाठोपाठ येतात. ‘लो’ म्हटलं की स् मागच्या ओवर टेकतो आणि उच्चार ‘लोस्-तु-देन्-ते’ असा सुटसुटीत होतो. गावाकडचे लोक स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणतात त्यातली अडचण हीच. इटालियनमध्येही ‘लेखी’ला ‘पेर इस्क्रित्तो’ म्हणतात, तो इ याच सोयीसाठी आलेला.

झेडच्या आधीही ‘लो’च येतो, पण कारण थोडं वेगळं आहे. झेड एक अक्षर दिसला तरी उच्चार त्स किंवा द्झ, आणि स्वरानंतर तो दुहेरी होतो: ‘लोत्-त्सीओ’ (काका). पहिला अर्धा भाग टेकायला मागे स्वर हवा. ‘लो न्योमो’ (परीकथेतला बुटका) आणि ‘लो शोपेरो’ (संप) यांतही तेच घडतं. स्त्रीलिंगी ‘ला स्त्रादा’ला मात्र काही करावं लागत नाही, कारण ‘ला’ आधीच स्वरान्त आहे.

‘मित्र’ला एकवचनात ल’आमीको, मग अनेकवचनात ‘ल्यी आमीची’ सुटं का?

एकवचनात दोन स्वर भिडतात म्हणून ‘लो’ आणि ‘ला’ दोघांचाही स्वर गळतो. ‘ल्यी’ हे ‘लो’चं अनेकवचन; त्याचा स्वर जुन्या छपाईत इ-पुढे गाळलेला दिसतो, आज तसं लिहिणं जुनाट वाटतं. ‘ले आमीके’ (मैत्रिणी) आज पूर्णच लिहितात.

मराठी कथा इटालियनमध्ये नेते आहे. श्रीखंड, साडी, स्वराज्य यांना कोणतं उपपद लावू?

आधी लिंग ठरवा. परके शब्द बहुधा पुल्लिंगी होतात. मग तो शब्द इटालियन वाचक कसा उच्चारेल ते बघा. श्रीखंड श ने सुरू होतं, म्हणून ‘शाम्पू’सारखं ‘लो श्रीखंड’. स्वराज्यात स् पुढे व्यंजन, म्हणून ‘लो’. साडीत स् पुढे स्वर आहे, तिथे ‘इल सारी’. इडलीला ‘ल’इडली’.

आणि नामावर अडून राहू नका. उपपदाचा संबंध त्याच्या लगेच पुढच्या शब्दाशी असतो. ‘लो स्तुदेन्ते’, पण मध्ये ‘ब्रावो’ हे विशेषण आलं की ‘इल ब्रावो स्तुदेन्ते’. उलट ‘इल लीब्रो’ (पुस्तक) विचित्र ठरलं तर ‘लो स्त्रानो लीब्रो’. विशेषण घालताना किंवा काढताना उपपद पुन्हा तपासावंच लागतं.

एसएमएसला ‘लो’ की ल’?

लिहिताना एस आणि एम दिसतात, पण तोंडून ‘एस्से-एम्मे-एस्से’ येतं. म्हणून ल’एसएमएस. तारखांचंही तसंच: आठ म्हणजे ‘ओत्तो’, तेव्हा ८ मार्चला ल’, आणि ९ मार्चला ‘इल’. आकडे मनात वाचल्याशिवाय उपपद टाकू नका. ०.५ टक्क्यांसारख्या आकड्याआधी ‘लो’ येतो, कारण वाचन ‘द्झेरो’पासून सुरू होतं.

मजकूर पूर्ण झाल्यावर अशा चुका पकडायच्या कशा?

बहुतेक चुका पहिल्या खर्ड्यात होत नाहीत, शब्द बदलताना होतात. ‘मुलगा’ काढून सगळीकडे ‘विद्यार्थी’ घातला की ‘इल रागात्सो’च्या जागी ‘इल स्तुदेन्ते’ उरतो. शिवाय ‘देल रागात्सो’ (मुलाचा) हा जोडून आलेला प्रकार ‘देल्लो स्तुदेन्ते’ व्हायला हवा, तो नजरेतून हमखास निसटतो. मी शेवटी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता रेग्युलर एक्स्प्रेशनने हा शोध चालवतो:

```
\b(il|del|al|dal|nel|sul|un|i|dei|ai|dai|nei|sui) (s[bcdfghklmnpqrtvwz]|z|gn|ps)
```

यात संक्षेप विनाकारण सापडतात. ‘उन एसएमएस’ बरोबर असूनही अडकतो. तो सोडून द्या. आणि उलट दिशेच्या चुका, म्हणजे स्वरापुढे किंवा साध्या व्यंजनापुढे राहून गेलेला ‘लो’, या शोधात येत नाहीत. त्यासाठी ‘लो’ आणि ‘देल्लो’ वेगळे शोधून एकेक डोळ्यांखालून घालावे लागतात.